जोत्याची उंची कुठून मोजायची?

घराच्या जोत्याची उंची ठरवताना बहुतेक ठिकाणी एकच आकडा तोंडावर असतो. ‘दोन फूट जोते घ्या, भरपूर झाले’ असे मिस्त्री सांगतो, मालक मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी दोरी लागते. हे दोन फूट नेमके कुठून मोजायचे, हे त्या बोलण्यात येत नाही. प्लॉटच्या पुढच्या कोपऱ्यातून मोजले तर घर एका पातळीला येते, मागच्या कोपऱ्यातून मोजले तर दुसऱ्याच. प्लॉटला उतार असेल तर दोहोंत सहज फूटभराचा फरक पडतो, आणि पाणी घरात शिरणार की नाही हे अनेकदा तेवढ्या फुटावरच ठरते.

जमीन हा मोजमापाचा आधारच मुळात चुकीचा आहे. जोते जमिनीपासून किती उंच आहे याच्याशी पाण्याचे काही देणेघेणे नसते. पाणी आपली पातळी रस्ता, गटार आणि पुढचा नाला यांवरून ठरवते. म्हणून जोत्याचा हिशेब तीन पातळ्यांवरून करावा लागतो: आजच्या रस्त्याची, पुढे चढणाऱ्या रस्त्याची, आणि गटार तुंबल्यावर पाणी जिथवर चढून मग दुसरीकडे निघून जाते त्या पातळीची. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच सहसा कोणी मोजत नाही.

गटार भरून वाहणे हा अपवाद मानू नये. मुंबईतली जुनी पर्जन्यजल गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही भरतीच्या वेळी पाणी समुद्रात सोडू शकत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा दिवस क्वचित येतो, पण तासात पन्नास-साठ मिलिमीटरची सर महाराष्ट्रात वळवाच्या पावसातही येऊन जाते. तालुक्याच्या गावातले दीड-दोन फुटांचे गटार, त्यात प्लास्टिक, झाडाचा पाला आणि बांधकामाची वाळू, वर सिमेंटचे ढापे: एवढ्या सरीला ते काठोकाठ भरणारच. जोते ठरवताना गटार रिकामे आहे असे न धरता ते भरलेले आणि तुंबलेले आहे असेच धरून चालावे.

गटार भरले की पाणी रस्त्यावर येते आणि रस्त्यावरचे पाणी उताराने वाहत रस्त्याच्या सर्वांत खोल जागी जमते. ही जागा बहुधा नाल्यावरच्या मोरीजवळ असते. मोरीचा पाइप चोंदलेला असला की तिथे तळे साचते. ते अमर्याद वाढत नाही. पाणी रस्त्याच्या पाठीवरून पलीकडे वाहू लागले की त्याची वाढ थांबते. रस्त्याची ती पाठ आणि तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची खोली मिळून त्या भागाची सांडवा-पातळी होते. धरणाला सांडवा असतो तसाच प्रत्येक वस्तीलाही असतो, फक्त तो कोणी मुद्दाम बांधलेला नसतो. घराचा उंबरठा या पातळीच्या वर असला तर मोठ्या सरीतही घर कोरडे राहते. तो खाली असला तर अंगणात कितीही फरशी घातली, कितीही जाळ्या बसवल्या, तरी पाणी आत येते.

ही पातळी शोधायला पुस्तक लागत नाही, गल्लीतून एक फेरी मारली की पुरते. किराणा दुकानाच्या शटरवर खालच्या दोन-तीन पट्ट्या एका सरळ रेघेपर्यंत गंजलेल्या असतात. कंपाउंडच्या भिंतीवर रंगाचे पोपडे एकाच उंचीपर्यंत सुटलेले दिसतात. एखाद्या घराच्या उंबऱ्यावर विटांचा आणि सिमेंटचा वीतभर बांध घातलेला असतो, त्यावर पाय ठेवूनच घरात जावे लागते. हा बांध म्हणजे त्या घरात एकदा तरी पाणी येऊन गेल्याची खूण आहे, आणि बांधाची उंची सहसा पाण्यापेक्षा चार बोटे जास्त असते. शेजारच्यांना ‘पाणी येते का?’ असे विचारले तर ‘नाही हो, थोडेफार’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी ‘पाणी कुठल्या पायरीला लागले होते?’ असे विचारावे. तेव्हा माणूस पायरीवर बोट ठेवून दाखवतो आणि ती जागा मोजता येते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. रस्ता स्थिर राहत नाही, तो वर वर येत जातो. डांबरीकरणाच्या प्रत्येक थराला अडीच ते पाच सेंटिमीटर जाडी येते. जुना थर खरवडून काढून मग नवा टाकावा ही योग्य पद्धत, पण लहान गावांत जुन्यावरच नवा थर टाकला जाताना सर्रास दिसतो. काँक्रीटचा रस्ता होतो तेव्हा उडी मोठी असते. खोदकाम न करता जुन्या डांबरावर सरळ १५ ते २० सेंटिमीटरचा थर ओतला की एका उन्हाळ्यात रस्ता घराच्या एका पायरीएवढा वर येतो.

रस्ता किती चढतो याचा पुरावा गावाच्या जुन्या भागात उभा असतो. पेठेतल्या एखाद्या जुन्या घरासमोर दगडी पायऱ्या मोजाव्यात आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे की त्यांच्या लहानपणी किती होत्या. पूर्वी चार होत्या आणि आता दोनच दिसतात असे कळले तर खालच्या दोन रस्त्याखाली गेल्या, म्हणजे रस्ता सुमारे ३० सेंटिमीटर चढला. काही घरांत तर ओटाच रस्त्याच्या पातळीला आलेला असतो आणि आत जायला एक पायरी खाली उतरावे लागते. ही घरे बांधणाऱ्यांनी जोते कमी घेतले नव्हते. देशावरच्या वाड्यांची घडीव दगडाची जोती आणि कोकणातल्या जांभ्याच्या घरांची उंच जोती आजही बघावीत, ती माणसे पाण्याला ओळखून होती. डांबराचा रस्ता दर काही वर्षांनी अंगाने वाढत जाईल, एवढेच त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज घर बांधणाऱ्याला ते ठाऊक आहे आणि त्याचे घर पन्नास वर्षे टिकणार आहे.

आता एक प्लॉट घेऊन हिशेब करून पाहता येईल. तालुक्याच्या गावाबाहेरचे एक बिनशेती ले-आउट आहे असे समजू. प्लॉट नेहमीचाच, तीस बाय चाळीस फुटांचा, म्हणजे ९ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल. समोर डांबरी रस्ता, रस्त्याच्या कडेला उघडे गटार, आणि १२० मीटरवर नाल्याची मोरी. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली आहे आणि मागे आणखी उतरत जातो. असे प्लॉट थोडे स्वस्त मिळतात, आणि पाण्याचा त्रासही त्यांनाच सर्वांत जास्त होतो.

मोजमापाला आधी न हलणारी खूण लागते. रस्त्यावरची खूण उपयोगाची नाही, कारण रस्ताच बदलणार आहे. विजेचा सरळ उभा खांब, मोरीचा कठडा किंवा शेजारच्या पक्क्या घराचे जोते चालते. या उदाहरणात विजेच्या खांबावर रंगाची एक आडवी रेघ मारली आहे आणि ती रस्त्याच्या मध्यापेक्षा बरोबर १०० सेंटिमीटर वर आहे. रस्त्याच्या मध्याला १०० हा आकडा दिला की खांबावरची खूण २०० होते. सगळे आकडे सेंटिमीटरमध्ये आणि याच खुणेवरून मोजायचे, म्हणजे उणे-अधिकचा घोळ राहत नाही.

जवळच्या जागांची पातळी पाहायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पंधरा-वीस मीटरची पारदर्शक नळी घ्यायची, पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एकाने एक टोक खुणेला लावायचे आणि दुसऱ्याने दुसरे टोक हव्या त्या जागी धरायचे. दोन्हीकडचे पाणी स्थिरावले की पातळी मिळते. एक बुडबुडा राहिला तरी नळी खोटे बोलते, म्हणून काम संपल्यावर दोन्ही टोके पुन्हा शेजारी शेजारी धरून पाणी सारखे दिसते का ते पाहावे. मोरी १२० मीटरवर आहे. तेवढ्यासाठी नळी सात-आठ वेळा हलवावी लागते आणि दर वेळी थोडी चूक साठत जाते. अशा वेळी ऑटो लेव्हल असलेल्या सर्वेअरला बोलवावे, काम काही तासांचे असते. मोबाइलमध्ये दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची यासाठी वापरू नये. तिच्यात काही मीटरची चूक असू शकते आणि इथे प्रश्न पाच सेंटिमीटरचा आहे.

मोजणीत आलेले आकडे असे: रस्त्याचा मध्य १००. प्लॉटचा पुढचा भाग ७०, मागचा ४५. गटाराचा काठ ९०, तळ ३०. मोरीजवळ रस्त्याचा मध्य ८०, म्हणजे रस्ता तिकडे २० सेंटिमीटर उतरतो. मोरीचा पाइप चोंदला की पाणी ८० च्या वर चढून रस्त्यावरून पलीकडे जाणार. आणि दोन घरे पलीकडच्या दुकानाच्या शटरवर गंजाची रेघ १०६ वर आहे.

ही १०६ ची रेघ मोरीच्या हिशेबाशी जुळते का, हे ताडून पाहणे महत्त्वाचे. मोरीवरून पाणी वाहताना रस्त्याच्या ८० च्या पाठीवर पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर असतो, म्हणजे तिथे पाणी ९५ ते १०० ला येते. १२० मीटर वर, वाहत्या पाण्याच्या उतारामुळे ते आणखी काही सेंटिमीटर चढलेले असते. १०६ हा आकडा या हिशेबात बसतो, म्हणून रेघेवर विश्वास ठेवता येतो. ती १४० वर असती तर कोणीतरी दुकानासमोर माती टाकून पाणी अडवले असेल किंवा रेघ पाण्याची नसेलच असे समजून पुन्हा चौकशी करावी लागली असती.

आता पुढचा रस्ता. काँक्रीटचा थर खोदकाम न करता ओतला जाईल असे धरून २० सेंटिमीटर मिळवायचे. रस्ता समोर १२० होईल आणि मोरीवरही १०० होईल. मोरीवरचा रस्ता चढला की पाण्याला पलीकडे जायची पातळीही तेवढीच चढते, कारण पाइप तोच राहतो. म्हणजे पुढच्या काळातली पाण्याची पातळी १०६ अधिक २०, अर्थात १२६.

यावर सुरक्षेचे अंतर हवे. साचलेल्या पाण्यातून एखादा ट्रक गेला तरी वीतभर लाट उंबऱ्यावर आदळते, मोजणीत दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होतात, आणि आजवर आला नाही असा पाऊसही कधीतरी येतो. या सगळ्यासाठी ३० सेंटिमीटर हे समजूतदार अंतर आहे, दोन पायऱ्यांएवढे. १२६ अधिक ३० म्हणजे १५६. पूर्ण आकडा घेऊन घराच्या आतली तयार फरशी १६० वर ठेवायची. खांबावरच्या खुणेपासून हे बरोबर ४० सेंटिमीटर खाली. मिस्त्रीला ‘दोन फूट जोते’ असे न सांगता ‘खांबावरच्या खुणेपासून ४० सेंटिमीटर खाली तयार फरशी’ असे सांगितले की गोंधळाला जागा राहत नाही.

तयार फरशी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मिस्त्री जोत्याची पातळी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्लिंथ बीमचा वरचा भाग असतो. त्यावर मसाला आणि फरशी मिळून सहा-सात सेंटिमीटर येतात. इथे प्लिंथ बीमचा वरचा भाग १५३ ला येईल. हे आधी स्पष्ट केले नाही तर सात सेंटिमीटरची तफावत राहते आणि ती कुठल्या बाजूला जाईल ते नशिबावर राहते.

याच प्लॉटवर नेहमीच्या पद्धतीने ‘दोन फूट’ घेतले असते तर? पुढच्या जमिनीपासून ६० सेंटिमीटर म्हणजे १३०. आजच्या पाण्यापेक्षा २४ सेंटिमीटर वर, म्हणून पहिली काही वर्षे सगळे ठीक दिसले असते. काँक्रीटचा रस्ता झाल्यावर पाणी १२६ ला येणार आणि फरशी त्याच्यापेक्षा फक्त चार सेंटिमीटर वर. पहिल्याच ट्रकच्या लाटेला पाणी दिवाणखान्यात. आणि मिस्त्रीने दोन फूट प्लॉटच्या मधोमध मोजले असते, जिथे जमीन ५७ ला आहे, तर फरशी ११७ ला आली असती, म्हणजे नव्या रस्त्याच्याही खाली. दोन्ही वेळा मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणेच काम केले असते, हेच यातले दुःख आहे.

१३० आणि १६० यांतला फरक ३० सेंटिमीटरचा. घराचे क्षेत्र सुमारे ६३ चौरस मीटर धरले तर भराव सुमारे १९ घनमीटर वाढतो, म्हणजे दाबून पावणेसात ब्रास. सैल मुरूम त्याहून जास्त लागतो, आठ-साडेआठ ब्रास धरावा. त्याशिवाय जोत्याच्या भिंतीचे दोन थर आणि मजुरी. जो खर्च येईल तो एकदाच येतो. घरात एकदा पाणी आल्यावर गाद्या, फ्रिज, लाकडी कपाटे आणि दोन वर्षे न जाणारी ओल यांचा हिशेब यापुढे ठेवून पाहावा.

भरावाला मात्र घाई चालत नाही. पायाच्या खोदकामातून निघालेली काळी माती भरावात टाकण्याचा मोह होतो, कारण ती फुकट असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, फरशीला तडे जातात. भराव मुरमाचाच हवा, तोही अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुमसाने ठोकून. या प्लॉटवर मागच्या बाजूला जमीन ४५ आणि जोते १५३, म्हणजे मीटरभराहून जास्त भराव आहे. तो एकदम ओतला तर वर्षभरात खोलीच्या मधली फरशी खाली बसते आणि भिंतीच्या कडेला फट दिसते. एवढ्या भरावाचा रेटा जोत्याच्या भिंतीवरही येतो, म्हणून ती भिंत आणि प्लिंथ बीम अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावेत.

घर १६० ला गेले आणि अंगण तसेच ७० ते ४५ ला राहिले तर घर बेटासारखे होईल आणि मागच्या अंगणात पाण्याचे डबके कायम राहील. प्लॉटवर पडणारे पाणी थोडे नसते. १०८ चौरस मीटर जागेवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५,४०० लिटर पाणी जमते, आणि गटाराचा काठ ९० ला असताना ४५ वरच्या अंगणातून ते गटारात जाऊ शकत नाही. म्हणून अंगणही भरायचे: मागे ११५, पुढे १०५, म्हणजे १२ मीटरमध्ये दहा सेंटिमीटरचा उतार गटाराकडे. राष्ट्रीय इमारत संहितेत जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर असावे असे म्हटले आहे. अंगणाची सर्वांत उंच जागा ११५ आणि फरशी १६०, म्हणजे ते अंतर इथे बरोबर राखले जाते. अंगणातून घरात जायला ५५ सेंटिमीटर चढायचे, म्हणजे चौदा सेंटिमीटरच्या चार सोप्या पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही त्या जड जात नाहीत.

मोठ्या पावसात अंगणात घोट्याएवढे पाणी येईल, ते येऊ द्यावे. अंगण पुढे फरशी घालून चढवता येते, घर चढवता येत नाही. जॅक लावून घरे उचलण्याची कामे आपल्याकडे होतात, पण तो खर्च आणि जोखीम जोत्याच्या दोन थरांच्या तुलनेत कितीतरी पटींनी मोठी आहे. अंगण भरताना एवढे मात्र पाहावे की मागून येणारे पाणी अडून शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये तुंबत नाही ना. पूर्वीपासून प्लॉटवरून वाट असलेल्या पाण्याला कडेने चर किंवा पाइप ठेवावाच लागतो.

रस्त्यावरून आलेले पाणी दारातून शिरते, गटाराचे पाणी मात्र पाइपातून उलटे येते, आणि ही बाजू सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी पाइपाने गटारात जाते. या घरात मागच्या चेंबरमध्ये पाइपाचा तळ ८५ ला ठेवला आणि १४ मीटर लांबीत साठास एक असा उतार दिला, तर पाइप २३ सेंटिमीटर उतरून गटारात ६२ ला निघतो. गटाराचा तळ ३० आहे, म्हणून एरवी पाणी मोकळे पडते. गटार काठोकाठ, ९० ला भरले की पाइपाचे तोंड पाण्याखाली जाते आणि गटाराचे पाणी पाइपातून मागे चढत चेंबरमध्ये ९० पर्यंत येते. मोठ्या पावसात ते १०६ ला आणि पुढच्या काळात १२६ ला येईल. चेंबरची झाकणे अंगणाच्या पातळीला आहेत, म्हणून पाणी अंगणात उसळेल. न्हाणीघराची फरशी १५७ ला असल्यामुळे घरात मात्र येणार नाही.

याच घराच्या मागे अंगणाच्या पातळीला, समजा १२० वर, एक जादा संडास किंवा धुण्याची मोरी बांधली तर चित्र उलटते. घर कोरडे आणि संडासातून काळे पाणी वर. घाण पाणी जाळीतून गुडगुडत येऊ लागले की समजावे, गटारातल्या पाण्याची पातळी त्या जाळीच्या वर गेली आहे. त्याला जाळीवर गोणपाट आणि दगड ठेवणे हा उपाय नाही. अशी जागा घराच्या पातळीवरच बांधावी. ते शक्यच नसेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपाला शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवावी आणि दर पावसाळ्याआधी ती उघडून साफ करावी. कचरा अडकलेली झडप बंद होत नाही, आणि झडप बंद असताना घरचे सांडपाणीही बाहेर जात नाही, ही तिची मर्यादा आहे.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण हा याच साखळीतला सर्वांत धोक्याचा दुवा. ते झाकण बहुतेकदा अंगणाच्या फरशीला सपाट असते. या प्लॉटवर असे केले तर मोठ्या पावसात गटाराचे पाणी सरळ पिण्याच्या टाकीत उतरेल, आणि ते दिसणारही नाही, कारण वर पाणी गढूळच असते. टाकीच्या तोंडाला विटांची किंवा काँक्रीटची कड बांधून झाकण १३५ च्या वर न्यावे. बोअरच्या केसिंग पाइपलाही हाच नियम लावावा.

नदीच्या पुरासाठी हा हिशेब चालत नाही, हे स्पष्ट लक्षात ठेवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी, किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूणला, पाणी घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत गेले होते. तिथे दोन पायऱ्या वाढवून काही साधत नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नसते. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर असावे लागते. प्लॉट घेण्यापूर्वी नगरपालिकेत किंवा पाटबंधारे कार्यालयात हा नकाशा पाहायला मागावा. वर दिलेली सगळी रीत लाल रेषेच्या बाहेरच्या, रस्ता आणि गटार यांच्या पाण्याने त्रासणाऱ्या घरांसाठी आहे, आणि गावोगावी अशी घरेच संख्येने जास्त आहेत.

आकडा ठरला की तो तीन ठिकाणी लिहून ठेवावा: नकाशाच्या छेदात, मिस्त्रीच्या वहीत आणि खांबाच्या शेजारी कंपाउंडच्या भिंतीवर. खांबावरच्या खुणेचा फोटो काढून ठेवावा, कारण खांब कधी रंगवला जाईल सांगता येत नाही. पायाच्या खड्ड्याआधी, प्लिंथ बीमचे शटरिंग लागल्यावर आणि काँक्रीट ओतण्याच्या सकाळी, अशी तीनदा नळी लावून पाहावी. जोत्याचे काम झाल्यावर नगरपालिकेकडून जोते तपासणी होते, पण त्या तपासणीत मुख्यतः बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का ते पाहिले जाते. समोरचा रस्ता दहा वर्षांनी कुठे असेल हे तिथे कोणी विचारत नाही, ते मालकानेच पाहायचे असते. शटरिंग लागलेले असताना पातळी पाच सेंटिमीटर कमी आढळली तर फळ्या वर सरकवायला तासभर लागतो. काँक्रीट ओतल्यावर तोच फरक भरून काढायला प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी आणि जिन्याची पहिली पायरी बदलावी लागते. त्या सकाळी मालकाने स्वतः जागेवर हजर राहावे आणि नळीचे एक टोक स्वतःच्या हातात धरावे.